नाशिकचा पाऊस पडद्यावर दिसावा म्हणून

शुक्रवार

पुण्याहून निघालो तेव्हा आभाळ भरलेलं होतं, पण संगमनेरपर्यंत वायपर लावायची वेळ आली नाही. सिन्नरला तर चक्क ऊन. मागच्या सीटवर ट्रायपॉड मांडीवर घेऊन बसलेला आमचा असिस्टंट म्हणाला, "सर, पाऊस कुठाय?" नाशिक जिल्ह्याचा पाऊस असाच आहे. पश्चिमेला इगतपुरीत वर्षाला ३००० मिलिमीटरच्या आसपास कोसळतो, नाशिक शहरात त्याचा जेमतेम पाव हिस्सा पडतो, आणि पूर्वेकडे सिन्नर-येवल्याचा शेतकरी ढग मोजत बसतो. म्हणूनच आम्ही दिवसाचं शूटिंग त्र्यंबक रोडला ठेवलं होतं आणि रात्रीचं पंचवटीत.

शॉर्टफिल्म छोटीशी आहे. बऱ्याच वर्षांनी माहेरच्या वाड्यात आलेली बाई आणि तिची एक रात्र, एवढीच गोष्ट. पण निम्मी गोष्ट पावसात घडते, आणि दिग्दर्शकाची अट एकच होती, "पाऊस नुसता ऐकू येऊन चालणार नाही. दिसला पाहिजे." अट साधी वाटते. मोबाइलवर पाऊस शूट केलेल्या कुणालाही विचारा. आपण चिंब भिजतो, पागोळ्या धो धो वाहतात, आणि व्हिडिओ बघावा तर अंगण ओलं दिसतं, माणसं ओली दिसतात, पाऊस मात्र गायब.

पंचवटीतल्या लॉजवर पोचल्यावर असिस्टंटने आधी एसीचा रिमोट शोधला. तो मी काढून घेतला. कंजूषपणा म्हणून नाही. पावसाळ्यात कॅमेऱ्याचा पहिला शत्रू आभाळातून येत नाही, तो हवेतून येतो. बाहेर २५ अंश तापमान आणि ९० टक्के आर्द्रता असेल तर त्या हवेतली वाफ साधारण २३ अंशांना पाणी व्हायला लागते. एसीच्या खोलीत कॅमेरा रात्रभर १९-२० अंशांवर थंड झालेला असतो. सकाळी तो तसाच बाहेर काढला की हवेतलं पाणी थेट काचेवर बसतं. पुढच्या काचेवरचं धुकं पुसता येतं, जरी ते दोन मिनिटांत परत येत असलं तरी. लेन्सच्या आतल्या काचांवर किंवा सेन्सरपुढे बसलं तर मात्र हात पोचत नाही. नुसती वाट बघायची.

आमच्याबरोबर दुसऱ्या गाडीतून आलेल्या कॅमेऱ्याने ते लगेच दाखवूनही दिलं. गाडीत एसी फुल्ल, बॅग व्हेंटच्या अगदी समोर. टेस्ट घ्यायला कॅमेरा काढला तर चित्र दुधाळ. ओळखायची खूण अशी की थेंब असेल तर चित्रात एक ठराविक डाग दिसतो, धुकं असेल तर सगळ्या चित्राचा कॉन्ट्रास्टच उडतो आणि दिव्यांभोवती तेजोवलय येतं. पुढची काच पुसूनही ते गेलं नाही, तेव्हा ओलावा आत आहे हे कळलं. लेन्स काढायची नाही, हेअर ड्रायर मारायचा नाही. ड्रायरने एक काच तापते आणि ओल शेजारच्या थंड काचेवर जाऊन बसते. कॅमेरा झिपच्या पिशवीत सिलिका जेलसकट बंद केला आणि खोलीच्या तापमानाला येऊ दिला. पाऊण तासाने चित्र स्वच्छ झालं. योग्य क्रमही हाच आहे. थंड जागेतून बाहेर काढण्याआधीच कॅमेरा पिशवीत बंद करायचा, म्हणजे पाणी बसायचं ते पिशवीच्या बाहेरच्या बाजूला बसतं.

संध्याकाळी घाटावर लोकेशन बघायला गेलो. मूळ बेत रामकुंडाच्या पायऱ्यांवर रात्रीचा शॉट घ्यायचा होता. पण गंगापूर धरणातून विसर्ग सुरू झाला होता आणि घाटावर जो तो एकच प्रश्न विचारत होता, पाणी कुठवर आलं? इथे त्याचं उत्तर आकड्यांत मिळत नाही. नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या पायाला लागलं, गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं, असं मिळतं. तेव्हा गुडघ्याच्या खाली होतं. फुलवाल्या आजी टोपल्या वरच्या पायरीवर नेत होत्या. त्यांनी आमच्या स्टँडच्या बॅगांकडे बघून एवढंच विचारलं, "रात्री हितंच ऱ्हानार का काय?" बेत तिथेच बदलला. घाटापासून वर चढणारी एक अरुंद गल्ली होती, दोन्ही बाजूंना जुने वाडे, खाली दगडी फरशी. एका वाड्यातल्या मावशींनी दार आणि माडीवरची गॅलरी वापरायला दिली. "सकाळी रांगोळीला दार मोकळं पाहिजे बरं का," एवढीच त्यांची अट.

शनिवार

त्र्यंबक रोडला अंजनेरीच्या अलीकडे भाताची आवणी चालू होती. डोंगर ढगात, खाचरांत गुडघाभर चिखल, आणि पाऊस एका लयीत. दिग्दर्शकाने खूश होऊन रुंद फ्रेम लावायला सांगितली. खाली खाचर, वर अर्धी फ्रेम पांढरं आभाळ. मॉनिटरवर पाऊस नव्हता.

दिवसा दिवे लावून काही होत नाही, कारण अख्खं आभाळ हाच केवढा तरी मोठा मऊ दिवा असतो. थेंब म्हणजे बारीकशी भिंगाची गोळी. त्याच्या मागे जेवढं काही पसरलेलं असतं ते जवळजवळ सगळं त्या गोळीत उलटं होऊन दिसतं, आणि त्यात मोठा वाटा आभाळाचा असतो. त्यामुळे दिवसा थेंब स्वतः उजळच असतो. पण उजळ थेंब पांढऱ्या आभाळासमोर ठेवला तर तो दिसणार कशाला? त्याला मागे काळं लागतं. आम्ही कॅमेरा फक्त वळवला. मागे आंब्या-जांभळांची दाट राई येईल आणि फ्रेममध्ये आभाळाची चीरसुद्धा राहणार नाही, अशी जागा धरली. तोच पाऊस, तीच वेळ, आणि हिरव्याकाळ्या अंधारावर रेघाच रेघा उभ्या राहिल्या. त्र्यंबकेश्वरात १८७० साली जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांच्या काळात तर ऊन हाच मुख्य दिवा होता. दिवा हलत नाही म्हटल्यावर माणसं आणि कॅमेरा हलवायचा, हे शहाणपण काही आजचं नाही.

दुसरी गोष्ट लेन्सची. रुंद लेन्सने पाऊस विरळ दिसतो, लांब लेन्सने दाट. लांब लेन्स दूरवरचा अरुंद पट्टा फ्रेमभर आणते, त्यामुळे एकामागे एक पडणाऱ्या पावसाचे थर एकावर एक येतात. आवणी करणाऱ्या बायकांचा शॉट आम्ही रस्त्याच्या कडेवरून, ७०-२०० झूमच्या लांब टोकाने घेतला. खाचरात उतरायची गरजच पडली नाही. चिखलात ट्रायपॉड रोवून तो पुन्हा उपटणं हा वेगळाच व्यायाम आहे.

त्या बायकांतल्या एकीच्या डोक्यावर अजून जुनं इरलं होतं, बाकीच्यांच्या प्लास्टिकच्या खोळी. इरलं पाठीवर उतरतं, पण खालून आणि पुढून मोकळं असतं. पाणी बाहेर ओघळतं, आत वारा खेळतो, वाकून काम करणारे हात मोकळे राहतात. कॅमेऱ्याचं पावसाळी कव्हर नेमकं असंच हवं. बरेच जण कॅमेरा प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट गुंडाळून खालून रबर लावतात. पाणी शिरत नाही हे खरं, पण कॅमेऱ्याची उष्णताही बाहेर पडत नाही, आणि आत कोंडलेली ओल हाताच्या उबेने वाफ होऊन व्ह्यूफाइंडरवर बसते. वर फोर-के रेकॉर्डिंग चालू असेल तर कॅमेरा तापून बंद पडायची चिन्हं दाखवू लागतो.

आमची पद्धत अशी. जाड पारदर्शक पॉलिथिनचा तुकडा वरून टाकायचा, लेन्सच्या हुडला रबरबँडने पक्का बांधायचा आणि मागून, खालून मोकळा लोंबता ठेवायचा. हूडच्या तोंडावर काही नाही. काचेपुढे प्लास्टिक आलं की चित्र मेलं. समोर एक साधा यूव्ही फिल्टर असतो, कारण पुसून पुसून ओरखडा गेलाच तर तो फिल्टरवर जावा. शॉट नसेल तेव्हा हूडच्या तोंडावर हॉटेलात मिळते ती शॉवर कॅप. माझ्या बॅगेत त्या इतक्या असतात की एकदा चेकनाक्यावर हवालदाराने विचारलं होतं, पार्लर आहे का म्हणून.

कॅमेरा "वेदर-सील्ड" आहे या भरवशावर राहण्यात अर्थ नाही. ते सील बॉडी, लेन्स आणि सगळी झाकणं मिळून काम करतं. मॉनिटरसाठी एचडीएमआयची वायर लावली की एक झाकण उघडंच राहतं, आणि पाणी वायरीवरून ओघळत नेमकं तिथे येतं. म्हणून वायर पोर्टमधून निघाली की आधी खाली झोका घेऊन मग वर गेली पाहिजे. थेंब झोक्याच्या तळाशी येऊन टपकतो, पोर्टापर्यंत चढत नाही. झूम लेन्सचंही तसंच. नळी बाहेर येणारी झूम दर वेळी आत-बाहेर होताना ओलसर हवा ओढून घेते. आमची ७०-२०० आतल्या आत झूम होणारी होती म्हणून निर्धास्त होतो.

लेन्सवर थेंब पडणारच. वारा पश्चिमेकडून, नैऋत्येकडून येतो. शक्य तिथे कॅमेऱ्याची पाठ वाऱ्याकडे केली की निम्मा त्रास संपतो. तरी पडलाच तर थेंब आधी टिश्यूच्या टोकाने टिपून घ्यायचा आणि मगच कोरड्या मायक्रोफायबरने पुसायचं. थेट पुसलं की थेंब पसरून पातळ पापुद्रा होतो, आणि दिवा समोर आला की तो पापुद्रा रेघारेघांनी चमकतो. कापडं भरपूर लागतात. एकदा ओलं झालेलं कापड त्या दिवसापुरतं बाद.

दुपारी पाऊस थांबला आणि ऊन पडलं. आम्ही वडापाव खाल्ला आणि परत आलो. संध्याकाळी पुन्हा घाटावर चक्कर. दुतोंड्याच्या गुडघ्यावर पाणी.

रविवार

ज्या शॉटसाठी आलो होतो तो आज.

गल्ली घाटाकडे, म्हणजे पश्चिमेला उतरते. दिग्दर्शकाला साहजिकच कॅमेरा वर ठेवून खाली नदीकडे बघायचं होतं. पण वारा नदीकडूनच वर येत होता, पाऊस सरळ लेन्समध्ये. कॅमेरा खालच्या टोकाला नेला आणि चढाकडे तोंड केलं. आता पाऊस आमच्या पाठीवर. नदी गेली म्हणून दिग्दर्शक थोडा नाराज झाला, पण रात्री नदी तशीही काळीच दिसली असती.

कॅमेऱ्यापासून वीस फुटांवर मावशींच्या वाड्याचं दार. नायिका दारातून दोन पावलं बाहेर येते, पावसात उभी राहते, वर बघते. लेन्स ८५ एमएम. दिवा एकच मोठा, २०० वॅटचा एलईडी. सगळा प्रश्न तो कुठे ठेवायचा हाच.

लाइटदादांनी सवयीने तो कॅमेऱ्याशेजारी, जरा उंचावर लावला. मीही थांबवलं नाही, कारण दिग्दर्शकाला फरक डोळ्यांनी दिसायला हवा होता. चेहरा छान उजळला, भिंत उजळली, फरशी चकाकली. पाऊस नाही. पुढून आलेला उजेड थेंबात शिरतो आणि बहुतेक सगळा आरपार मागे निघून जातो. पाण्याच्या पृष्ठभागावरून कॅमेऱ्याकडे परत फिरणारा भाग अगदी थोडा. तेवढ्यात भिंत उजळलेली, म्हणजे त्या थोड्या चमकेला मागे काळंही उरलं नाही. शिवाय लेन्सच्या अगदी जवळून पडणारे थेंब मात्र या दिव्यात सापडले आणि फोकसबाहेर असल्यामुळे पांढरे फुगे होऊन फ्रेममध्ये तरंगू लागले. दिग्दर्शकाला वाटलं लेन्स खराब झाली.

मग दिवा बाजूला, काटकोनात नेला. रेघा दिसल्या, पण मळकट. शेवटी माडीवरच्या गॅलरीत, नायिकेच्या मागे पंचवीसेक फुटांवर, चौदा फूट उंचीवर, फ्रेमच्या डाव्या कडेच्या जरा बाहेर. तोंड खाली आणि कॅमेऱ्याच्या दिशेने. दिवा लागला आणि मॉनिटरभोवतीचे सगळे एकदम गप्प झाले. थेंबातून जाणारा उजेड वाकतो, पण फार नाही, पुढच्याच दिशेने थोडा फाकतो. म्हणून दिवा समोर, लेन्सच्या रेषेपासून वीस-तीस अंशांवर असला की प्रत्येक थेंब स्वतःच बारीक दिवा होतो. दिवा बरोबर रेषेत घेतला तर आणखी चमकतो, पण मग उजेड थेट लेन्समध्ये जाऊन चित्र पांढुरकं होतं. आम्ही दिवा फ्रेमबाहेर ठेवला, वर गॅलरीच्या कठड्याला काळं कापड बांधलं आणि कॅमेऱ्याच्या जागेवर उभं राहून बघितलं. लेन्सवर दिव्याचा कवडसा पडत नाही ना? हूडच्या सावलीत काच पूर्ण काळी दिसली पाहिजे.

गल्लीच्या वरच्या टोकाला महापालिकेचा दिवा होता. तो फ्रेमच्या मध्यावर येऊन मागची भिंत उजळत होता, आणि बरोबर तिथे पाऊस पुसला जात होता. दिवा बंद करायची परवानगी रविवारी रात्री कुणाकडे मागणार! मावशींच्या मुलाने दोन वाड्यांच्या गॅलऱ्यांमध्ये दोरी बांधून त्यावर काळी सतरंजी टाकली. गल्लीचा त्या बाजूचा कोपरा अंधारला आणि रेघा फ्रेमच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पोचल्या.

आता मागून दिवा म्हणजे चेहरा काळा. सावली भरून काढणारा थोडा उजेड, म्हणजे फिल, हवीच, पण ती पुढून टाकली तर मघाचे पांढरे फुगे परत. म्हणून दाराच्या पागोळीच्या आत, जिथे पाऊस पडतच नाही, तिथे थर्माकोलची शीट उभी केली आणि ओसरीवरच्या छोट्या दिव्याचा उजेड तिच्यावर मारून चेहऱ्यावर परतवला. चेहरा मागच्या उजेडापेक्षा दोन-अडीच स्टॉप खालीच ठेवला, एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा. त्याहून वर नेला की रात्र खोटी वाटायला लागते.

सुरुवात अॅपर्चर एफ ४, शटर १/५०, आयएसओ ८०० वर केली होती. पाऊस दिसत होता, पण पातळ, जणू फक्त नायिकेच्या आसपासच पडतोय. कारण सरळ आहे. ८५ एमएमला वीस फुटांवर एफ ४ ने साधारण सव्वा मीटरचाच पट्टा फोकसमध्ये राहतो. त्या पट्ट्यातले थेंब रेघा होतात, बाकीचे विरघळतात. एफ ५.६ केलं तर तो पट्टा पावणेदोन मीटरच्या आसपास जातो, एफ ८ ने अडीच मीटर. पडदा तेवढा दाट होतो. पण एफ ८ ला आयएसओ इतका वाढवावा लागला असता की सावल्यांतला ग्रेन पावसाशी स्पर्धा करू लागला असता. ५.६ वर थांबलो.

शटरचं जरा सविस्तर सांगतो, कारण इथे बहुतेकांचा समज उलटा असतो. २ मिलिमीटरचा थेंब सेकंदाला साडेसहा मीटरने पडतो. १/५० सेकंदात तो तेरा सेंटिमीटर खाली येतो, म्हणून लांब रेघ. लांब रेघ म्हणजे जास्त पाऊस, असं वाटतं. पण तो थेंब सेन्सरच्या एका बिंदूवरून क्षणात निघून जातो. शटर कितीही उघडं ठेवा, त्या बिंदूला थेंबाचा उजेड तेवढाच मिळतो. मागची भिंत मात्र पूर्ण १/५० सेकंद उजेड साठवत बसते. म्हणून शटर मंद केलं की रेघ लांबते पण भिंतीत मिसळून फिकी होते. शटर जलद केलं आणि तो तोटा आयएसओने भरून काढला, तर रेघ आखूड होते पण उठून दिसते. १/२०० ला ती जेमतेम तीन सेंटिमीटरची होते आणि पाऊस गारांसारखा टचटच पडल्यासारखा वाटतो. शिवाय आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे १/५० आणि १/१०० ला रस्त्यावरचे दिवे सहसा स्थिर दिसतात, १/२०० ला लुकलुकायचा धोका. १/१०० धरलं. एक स्टॉप अॅपर्चरने गेला, एक शटरने, दोन्ही आयएसओ ३२०० करून परत मिळवले. भिंत आधी होती तेवढीच काळी, चेहरा तेवढाच, आणि पाऊस दुप्पट.

हे सगळं होईतो पाऊस भुरभुरीवर आला. भुरभुरीचे थेंब अर्ध्या मिलिमीटरचे, सेकंदाला दोन मीटरने उतरणारे. बॅकलाइटमध्ये ते रेघा होत नाहीत, चमकणारी धूळ होतात. सुंदर दिसतं, पण आमच्या प्रसंगाला चालणारं नव्हतं. थांबलो. दिवा बंद केला, कारण बॅटरी.

बॅटरीचं असं की वाड्यातून वीज घ्यायची सोय होती. मावशींनी सॉकेट दाखवलं आणि लाइटदादांनी ते बघूनच मान हलवली. लाकडी पट्टीवरची जुनी वायरिंग, अर्थिंग नाही. ओल्या फरशीवर अनवाणी नायिका उभी करून त्या सॉकेटातून एक्स्टेंशन ओढणं म्हणजे जिवाशी खेळ. दिवा दोन व्ही-माउंट बॅटऱ्यांवर चालवला. दोन्ही मिळून ३०० वॅट-तास, म्हणजे कागदावर दीड तास आणि प्रत्यक्षात सव्वा. म्हणून दिवा फक्त टेकच्या वेळीच लावायचा. फोकस आणि चालण्याची रिहर्सल टॉर्चवर.

दिव्याला कव्हर घालतानाही इरल्याचाच न्याय. एलईडीच्या मागे पंखा असतो, गरम हवा तिथून बाहेर पडते. पंखा झाकला की दिवा स्वतःला वाचवायला मंद होतो, मग बंदच पडतो. म्हणून दिव्याला प्लास्टिक गुंडाळायचं नाही. गॅलरीच्या दुसऱ्या स्टँडला मोठी छत्री बांधली, दिव्यापासून हातभर वर. बॅटऱ्या पिशवीत घालून स्टँडच्या खिट्टीला लटकवल्या, जमिनीला टेकवल्या नाहीत. स्टँडच्या पायांवर वाळूच्या पिशव्या. छत्री वारा धरते, आणि गॅलरीतून चौदा फुटांवरून दिवा खाली येणं कुणालाच परवडणारं नव्हतं.

छत्रीचा एक त्रास साउंडवाल्याने काढला. कॅमेऱ्यावरच्या छत्रीवर पडणारा पाऊस मायक्रोफोनला ताशासारखा ऐकू जात होता. मावशींनी आतून जुनी घोंगडी आणून दिली. ती छत्रीवर टाकली आणि आवाज मुका झाला. घोंगडीने पाणी पिऊन छत्री मणभर जड केली, स्पॉटदादांचा हात भरून आला, पण ध्वनी वाचला.

साडेअकराला नदीच्या बाजूने एक सर चढत आली. टपोरे थेंब. "लाइट!" नायिका बाहेर आली, दोन पावलं, वर बघितलं. मागून उजळलेल्या रेघा, खांद्यांवर उडणारे तुषार, आणि केसांच्या कडेला पांढरी धार. एक टेक लेन्सवर थेंब आल्याने गेला, एक कुत्रं मधून गेल्याने. पुढचा लागला. सर दहा मिनिटं टिकली असेल. सर नसती आली तर झारी होती. दोन झाऱ्या माडीवरून, कॅमेरा आणि नायिकेच्या मध्ये, फोकसच्या पट्ट्यात धरल्या तर जवळच्या शॉटपुरता पाऊस उभा करता येतो. रुंद फ्रेमला तो फसतो, कारण मागची फरशी उडत नाही. बॅकअप म्हणून घेतलेल्या जवळच्या शॉटला तीच झारी वापरली, आणि आता एडिटवर मलासुद्धा कुठला खरा ते सांगायला थांबून बघावं लागतं.

पॅकअपला कुणीही काही पुसल्याशिवाय बॅगेत ठेवायचं नाही, हा नियम. रात्री एक वाजता तो पाळणं जिवावर येतं. मावशींनी चहा दिला आणि दार रिकामं झालंय ना ते स्वतः बाहेर येऊन बघितलं.

सोमवार

सकाळी लॉजच्या खोलीत सगळं पसरलं. पंखा फुल्ल, एसी बंद, खिडकी बंद. ट्रायपॉडचे पाय पूर्ण बाहेर काढून उलटे ठेवले, त्यातून कालचं पाणी निघालं. नाही काढलं तर जॉइंट धरतात. लेन्स माउंटच्या बाहेरून पुसल्या, झाकणं काढून ठेवल्या. ओल्या लेन्सला झाकण लावून बॅगेत कोंबलं की महिन्याभरात आत बुरशीची जाळी दिसते. टॉर्च तिरपा मारून बघायचं, कोळ्याच्या धाग्यासारखं काही दिसलं तर थेट दुरुस्तीवाल्याकडे. तांदळाच्या डब्यात लेन्स ठेवायचा सल्ला रिसेप्शनवरच्या काकांनी दिला. तांदळाची भुकटी झूमच्या रिंगेत शिरते, आणि ओल ओढायचं काम तो सिलिका जेलइतकं करतही नाही. सिलिका जेलच्या आमच्या पुड्या निळ्याच्या गुलाबी झाल्या होत्या. घरी गेल्यावर ओव्हनमध्ये १२० अंशांना तापवल्या की परत निळ्या होतात. लेन्सचा डबा ४०-५० टक्के आर्द्रतेवर राहिला की पुरे. अगदी कोरडा ठक्क करण्यातही फायदा नाही.

अकराला मिसळ. तर्री वेगळी मागितली, पापड दोन. लॅपटॉप टेबलावर उघडून रात्रीचे शॉट बघितले. गल्लीचा शॉट उभा राहिला होता. आवणीचा एक शॉट, ज्यात वरच्या कोपऱ्यात आभाळाची पट्टी राहिली होती, तिथे पाऊस त्या पट्टीखाली येऊन सुरू होतोय असं दिसत होतं. तो क्रॉप करावा लागेल.

तेवढ्यात निर्मात्याचा फोन. "पाऊस आला का? व्हॉट्सअॅपवर टाक." असिस्टंटने टाकला. दोन मिनिटांत उत्तर आलं, "यात पाऊस कुठाय? नुसतं पिक्सलेट झालंय." साहजिक आहे. हजारो रेघा, प्रत्येक फ्रेममध्ये नवीन जागी. व्हिडिओ दाबून लहान करणाऱ्या यंत्रणेला याहून अवघड काही नसतं. आधीच्या फ्रेममधलं काही उसनं घेता येत नाही, मग ती रेघा सरळ पुसून टाकते. तीच फाइल डॉक्युमेंट म्हणून परत पाठवली. यूट्यूबवर चढवतानाही फोर-के करूनच चढवायचं ठरवलं, म्हणजे निदान जास्त बिटरेट मिळतो. निर्मात्याचं उत्तर सिन्नर घाटात असताना आलं, अंगठ्याचा एक इमोजी आणि खाली "झाऱ्यांचे पैसे कुठल्या हेडखाली लावलेत?"